पहिल्या प्रॉडक्टसाठी स्टार्टअपची पुस्तकं: कोणतं कधी उघडायचं आणि मध्ये काय करायचं

प्रॉडक्टची कल्पना घेऊन भेटायला येणाऱ्या बहुतेक इंजिनिअरांचं वाचन आधीच बरंच झालेलं असतं. प्री-मनी म्हणजे गुंतवणुकीआधीचं कंपनीचं मोल, पोस्ट-मनी म्हणजे गुंतवणुकीनंतरचं, हे त्यांना पाठ असतं. टर्म शीटमधली, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदातली, कलमंही ओळखीची असतात. पण ‘ही अडचण शेवटची कुणाला आली होती, कधी आली होती, आणि त्या दिवशी त्याने काय केलं?’ असं विचारलं की समोर शांतता पसरते. पुस्तकांची निवड चुकलेली नसते. ती वाचायचा क्रम उलटा झालेला असतो, आणि दोन पुस्तकांच्या मध्ये जे काम व्हायला हवं ते झालेलं नसतं.

म्हणून इथे मोठी यादी देत नाही. चारच पुस्तकं आहेत. प्रत्येक पुस्तक कोणत्या टप्प्याला उघडायचं, त्यातलं किती वाचायचं आणि पुढचं उघडण्यापूर्वी हातात काय असायला हवं, एवढंच सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, एका इंजिनिअरला कारखान्यातल्या मोटरवर बसवायचा सेन्सर करायचा आहे. मोटरची थरथर मोजायची आणि बेअरिंग बिघडण्याच्या काही दिवस आधी इशारा द्यायचा. तिच्याकडे ब्रेडबोर्डवर चालणारा नमुना आहे आणि एक मित्र भागीदार व्हायला तयार आहे.

## पूर्वतयारी: वाचनाआधी एक पान

कोणतंही पुस्तक उघडण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर तीन वाक्यं लिहा. हे कोण वापरणार? आज तो ही अडचण कशी निभावून नेतो? आणि त्याच्या खिशातून पैसे का निघतील? उत्तरं अंदाजाने लिहिली तरी चालतील. फक्त प्रत्येक वाक्यापुढे ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ किंवा ‘वाटतं’ यांपैकी एक शब्द टाका.

आपल्या सेन्सरवालीचं पान असं होतं: ‘मेंटेनन्स मॅनेजर वापरेल (वाटतं). आज मोटर बंद पडल्यावरच कळतं (ऐकलं). बंद पडलेल्या वेळेचं नुकसान वाचेल म्हणून पैसे देईल (वाटतं).’

तीनपैकी दोन ठिकाणी ‘वाटतं’ आहे. पहिलं पुस्तक ह्या दोन ‘वाटतं’साठी वाचायचं आहे. हे पान जपून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर ते लागेल.

सावध: तिन्ही ठिकाणी ‘पाहिलं’ लिहिलं गेलं असेल, तर बहुधा तुम्ही स्वतःकडेच पाहून लिहिलंय. तुमचं गिऱ्हाईक तुमच्यासारखंच आहे, हेही अजून ‘वाटतं’ याच रकान्यात जातं.

## टप्पा १: माणसांशी बोलण्याआधी ‘द मॉम टेस्ट’

रॉब फिट्झपॅट्रिक यांचं हे २०१३ चं पुस्तक छोटं आहे, दोन संध्याकाळी वाचून होतं. चारांपैकी हेच सगळ्यात आधी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं.

मुद्दा साधा आहे. तुमची कल्पना कशी वाटली, असं विचारलं की माणसं मन राखायला चांगलंच बोलतात, आणि आई तर हमखास. म्हणून प्रश्नच असे विचारायचे की आईलाही खोटं बोलता येऊ नये. त्यासाठी तीन पथ्यं आहेत. स्वतःच्या कल्पनेबद्दल न बोलता समोरच्याच्या कामाबद्दल बोलायचं. ‘पुढे घ्याल का?’ असं न विचारता मागे नेमकं काय घडलं ते विचारायचं. आणि स्वतः कमी बोलायचं.

वाचताना हे सगळ्यांना पटतं, आणि भेटीला बसलं की सगळे विसरतात. म्हणून पुस्तक मिटल्यावर लगेच आपले प्रश्न कागदावर उतरवा आणि एकेक दुरुस्त करा. सेन्सरवालीचा पहिला प्रश्न होता, ‘मोटर बिघडण्याच्या आठवडाभर आधी कळलं तर उपयोग होईल का?’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. दुरुस्तीनंतर एका प्रश्नाचे चार झाले: ‘शेवटची मोटर कधी बंद पडली? त्या दिवशी काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा. किती वेळ काम थांबलं? त्यानंतर तुम्ही काही बदललंत का?’

शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त किंमत आहे. कुणी त्रास झाल्याचं सांगितलं पण तो टाळायला काहीच केलं नसेल, साधी वही ठेवली नसेल, एखादं उपकरण शोधून पाहिलं नसेल, तर तो त्रास त्याच्या दृष्टीने अजून पैसे घालण्याइतका मोठा झालेला नाही.

आता भेटी घ्या. एकाच प्रकारच्या माणसांच्या आठ ते दहा भेटी ठरवा, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांच्या. नमुना बॅगेत राहू द्या. तो टेबलावर आला की बोलणं त्याच्याभोवतीच फिरतं आणि समोरच्याचा दिवस कसा जातो हे ऐकायचं राहून जातं.

आपल्या उदाहरणात तिसऱ्या भेटीत असं घडलं. मॅनेजर म्हणाला, ‘तीन आठवड्यांपूर्वीच बेअरिंग गेलं ना. मग काय, स्टोअरमधून दुसरी मोटर काढली, चाळीस मिनिटांत बदलली.’ तिच्या पानावरचं तिसरं वाक्य इथेच कोसळलं. ज्याच्याकडे तयार मोटर पडून आहे, त्याला आठवडाभर आधी कळून फार काही वाचत नाही. सहाव्या भेटीत मात्र वेगळं ऐकायला मिळालं. तिथला मोठा पंप खास घडवून घेतलेला होता, सुटा भाग यायला अकरा आठवडे लागत होते, आणि दर सोमवारी एक माणूस हातातलं थरथरमापक घेऊन सगळ्या पंपांवर फिरून वहीत आकडे लिहीत होता. मोटर दोन्हीकडे असली तरी गिऱ्हाईक दुसऱ्या ठिकाणीच होतं.

एवढं कळायला सर्किटमध्ये एकही बदल करावा लागला नाही. हेच पुस्तक आधी वाचायचं कारण हे आहे.

तपासून पाहा: भेटीच्या नोंदीत ‘आवडलं’, ‘छान आहे’, ‘नक्की घेऊ’ अशी वाक्यं असतील तर ती खोडा. खोडल्यावर काहीच उरलं नाही, तर ती भेट मोजू नका. तारीख, कालावधी, खर्च, आधी करून पाहिलेला उपाय, असं काही उरलं तरच ती भेट झाली म्हणायची.

तपासून पाहा: दहा भेटींनंतरही प्रत्येक जण वेगळीच अडचण सांगत असेल, तर गिऱ्हाईक फार ढोबळ ठरवलंय. ‘कारखाने’ हे गिऱ्हाईक होत नाही. ‘ज्यांच्या पंपाचा सुटा भाग महिन्याच्या आत मिळत नाही असे कारखाने’ हे होतं. गट अरुंद करून पुन्हा पाच जणांना भेटा.

पुढच्या टप्प्याला जायची खूण भेटींच्या आकड्यात मिळत नाही. कुणीतरी स्वतःचं काहीतरी द्यायला तयार झालं, ही ती खूण. वेळ द्यावा, म्हणजे पुढच्या भेटीला आपल्या माणसांना घेऊन बसावं. शब्द टाकावा, म्हणजे वरिष्ठांशी गाठ घालून द्यावी. किंवा थोडे का होईना, पैसे द्यावेत. सेन्सरवालीला सहाव्या भेटीतला माणूस म्हणाला, ‘पुढच्या सोमवारी आमच्या माणसाबरोबर फिरा, मी प्लँट हेडना सांगून ठेवतो.’ त्याने वेळही दिला आणि शब्दही टाकला. आता दुसरं पुस्तक.

## टप्पा २: बांधण्याआधी ‘द लीन स्टार्टअप’, तेही दोनच भाग

एरिक रीस यांच्या २०११ च्या या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिले दोन वाचा. तिसरा वाढत्या कंपनीसाठी आहे, तो आता वाचलात तर आजच्या कामाशी जोडताच येणार नाही. बंद करून ठेवा.

या पुस्तकातून सगळ्यात जास्त चुकीचा उचलला जाणारा शब्द म्हणजे एमव्हीपी, मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. इंजिनिअर त्याचा अर्थ ‘कमी फीचरचं प्रॉडक्ट’ असा घेतो आणि चार महिने ते बनवत बसतो. रीस यांच्या लेखी, सगळ्यात धोक्याचं गृहीतक तपासायला जेवढं कमीत कमी लागतं तेवढंच करायचं. काही वेळा त्यात बांधायचं काहीच नसतं. एका उदाहरणात संस्थापक स्वतः एका गिऱ्हाइकाच्या घरी दर आठवड्याला जाऊन, सॉफ्टवेअरने पुढे जे करायचं ते हाताने करत होते. हे उदाहरण दोनदा वाचा.

आणखी एक गोष्ट बारकाईने वाचा. बांधा, मोजा, शिका हे चक्र याच क्रमाने फिरतं, पण त्याची आखणी उलट्या दिशेने करायची असते. काय शिकायचंय ते आधी ठरवायचं. ते कळायला काय मोजावं लागेल ते मग. आणि ते मोजायला कमीत कमी काय बांधावं लागेल, ते शेवटी. इंजिनिअर नेमकं पहिलं पाऊल गाळतो, कारण बांधणं त्याच्या हातातलं असतं आणि शिकायचं काय ते अजून धूसर असतं.

आपल्या उदाहरणात ही आखणी अशी झाली. शिकायचं होतं ते हे: आठवडाभर आधी मिळालेल्या इशाऱ्यावर हा कारखाना खरंच काही करतो का? मोजायचं होतं: इशारा दिल्यानंतर किती वेळा पंप तपासायला उघडला किंवा सुटा भाग मागवला. बांधायचं काय? काहीच नाही. हाताने चालवायचं मोजमापयंत्र भाड्याने घेतलं, सोमवारी आणि गुरुवारी जाऊन आठ पंपांची थरथर नोंदवली, आणि त्याच संध्याकाळी एका पानाचा अहवाल मॅनेजरला पाठवला: कोणत्या पंपाचा आकडा चढतोय, किती दिवसांपासून, आणि काय करावं. हे सहा आठवडे चाललं. पाचव्या आठवड्यात एका पंपाचा आकडा सलग चार वेळा चढला, मॅनेजरने भाग मागवला आणि विचारलं, ‘हे रोज मिळू शकेल का?’

सेन्सर बांधायला सुरुवात करायची ती इथून. आणि आता तिला हेही कळलंय की सेन्सरने सेकंदाला हजारदा आकडे पाठवायची गरज नाही. दिवसातून एकदा पुरे. त्याने बॅटरीपासून सर्किटपर्यंत सगळंच बदललं.

या पुस्तकाची एक मर्यादा लक्षात असू द्या. त्यातली बरीच उदाहरणं सॉफ्टवेअरची आहेत, तिथे आज केलेला बदल उद्या लोकांपुढे जातो. यंत्र बनवणाऱ्याला सर्किट बोर्ड बदलून यायलाच काही आठवडे जातात. त्यामुळे तुमचं प्रॉडक्ट हातात धरायचं असेल तर टप्पा १ लांबवा आणि हाताने चालवायचा प्रयोगही लांबवा. कंपन्यांना विकायचं असेल आणि विक्रीचा रस्ता लांबचा असेल, तर स्टीव्ह ब्लँक यांचं ‘द फोर स्टेप्स टू द एपिफनी’ हे जास्त जवळचं वाटेल. रीस यांच्या मांडणीचा मोठा भाग तिथूनच आलेला आहे. मात्र ते जड आहे, आणि पहिल्या दोन पायऱ्यांपुढे आता जायचं कारण नाही.

सावध: वेबसाइटला किती जण आले, व्हिडिओ किती जणांनी पाहिला, किती जणांनी ईमेल दिला, हे आकडे वर जाताना बरं वाटतं, पण त्यावरून पुढचा कोणताच निर्णय घेता येत नाही. ‘हा आकडा निम्मा झाला तर मी उद्या काय वेगळं करेन?’ असा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर तो आकडा मोजणं सोडा.

तपासून पाहा: पहिल्या दिवशीचं पान काढा. तीनही वाक्यांपुढे आता ‘पाहिलं’ लिहिता येतंय का? एका जागी जरी ‘वाटतं’ उरलं असेल, तर पैशाचं पुस्तक उघडू नका.

## टप्पा ३: भागीदाराशी लेखी ठरवण्याआधी ‘द फाउंडर्स डिलेमाज’

तुम्ही एकटेच असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा. भागीदार असेल, तर हा टप्पा पैसे उभारण्याच्या आधीच यायला हवा. गुंतवणूकदार आल्यावर भागीदारीतली चूक सुधारणं फार अवघड होऊन बसतं.

नोम वॉसरमन यांचं २०१२ चं हे पुस्तक जाडजूड आणि अभ्यासावर बेतलेलं आहे. सगळं वाचायची गरज नाही. मैत्री-नात्यातले भागीदार, कामाची वाटणी आणि शेअरची वाटणी या तीन विषयांवरची प्रकरणं वाचा. तुमच्या भागीदारालाही तीच वाचायला द्या, आणि मग एक दुपार एकत्र बसा.

त्या बैठकीत बहुतेक जण ‘निम्मं-निम्मं’ म्हणून हात मिळवतात. निम्म्याचा आकडा स्वतः वाईट नाही. अडचण अशी की तो पहिल्या आठवड्यात ठरतो, आणि पुढे कोण किती काम करणार हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. यावर उपाय म्हणजे व्हेस्टिंग. शेअर नावावर असले तरी ते कमवावे लागतात. प्रचलित पद्धत चार वर्षांची आहे आणि त्यात पहिल्या वर्षाचा क्लिफ असतो. म्हणजे वर्ष पुरं व्हायच्या आत जो गेला त्याला काही मिळत नाही. वर्ष झालं की एक चतुर्थांश पक्के होतात, आणि त्यानंतर दर महिन्याला थोडे थोडे.

हिशेब करून पाहू. दोघांकडे प्रत्येकी ५० टक्के आहेत आणि मित्र सातव्या महिन्यात नोकरीला परत गेला. व्हेस्टिंग नसेल तर निम्मी कंपनी कायमची अशा माणसाकडे राहिली जो आता काहीच करत नाही. पुढे कोणताही गुंतवणूकदार तिथेच थांबेल. व्हेस्टिंग असेल तर त्याच्याकडे शून्य. तो अठराव्या महिन्यात गेला, तर ४८ पैकी १८ महिने झाले म्हणून त्याच्या वाट्यातले ३७.५ टक्के पक्के झाले, म्हणजे मूळ कंपनीचे १८.७५ टक्के. बाकीचे परत आले. त्याच्यावर अन्याय झाला नाही आणि कंपनीही अडकली नाही.

मित्राशी हे बोलायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण हा करार दोघांनाही सारखाच लागू असतो. तुम्ही आधी गेलात तर तोही सुरक्षित राहतो, हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा.

तपासून पाहा: या चार गोष्टी कागदावर, दोघांच्या सहीने आहेत का? शेअरची वाटणी, व्हेस्टिंग, शेवटचा शब्द कोणत्या बाबतीत कुणाचा, आणि कंपनीआधी लिहिलेला कोड व काढलेली डिझाइन्स कंपनीच्या नावावर केल्याचा उल्लेख. यातली चौथी गोष्ट इंजिनिअर हमखास विसरतात. तुम्ही नोकरीत असताना नमुना केला असेल, तर नोकरीच्या करारात त्यावर कुणाचा हक्क लिहिलाय ते वकिलाकडून आताच तपासून घ्या.

## टप्पा ४: पैसे मागायला जाण्याआधी ‘व्हेंचर डील्स’

हे पुस्तक बाकीच्यांच्या कितीतरी आधी वाचलं जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: व्हेंचर फंडाचा पैसा तुम्हाला लागू पडतो का? फंड स्वतःही दुसऱ्यांचा पैसा साधारण दहा वर्षांसाठी घेतो. त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडतात, आणि दोन-तीन प्रचंड मोठ्या झाल्या तरच सगळा फंड परत येतो. त्यामुळे फंडाला चांगला चालणारा मध्यम धंदा नको असतो. सेन्सरवालीचे कारखाने तिने मोजले आणि साधारण ४०० निघाले. प्रत्येकाने वर्षाला १ लाख दिले तरी सगळे मिळून ४ कोटी होतात. चलन कोणतंही धरा, निष्कर्ष बदलत नाही. दोघांच्या पोटापाण्याला हा उत्तम धंदा आहे, पण फंडाच्या गणितात तो बसत नाही. तिने एकतर पंपांपलीकडे आणखी कोणती यंत्रं घेता येतील हे दाखवायला हवं, नाहीतर गिऱ्हाइकांच्या आगाऊ पैशावर धंदा उभा करायला हवा. दुसरी वाट निवडली तर हे पुस्तक वाचायची गरजच उरत नाही.

तिने पहिली वाट घेतली असं धरू. ब्रॅड फेल्ड आणि जेसन मेंडेल्सन यांच्या या पुस्तकाची चौथी, २०१९ ची आवृत्ती घ्या. वाचायला सुरुवात टर्म शीटच्या आर्थिक कलमांवरच्या प्रकरणापासून करा, मग नियंत्रणाच्या कलमांवरचं वाचा. लेखकांचं म्हणणंच असं आहे की गुंतवणूकदाराला मुळात दोनच गोष्टींची चिंता असते: शेवटी किती पैसे मिळणार आणि निर्णय कुणाच्या हातात राहणार. बाकी कलमं त्यांच्याभोवती येतात.

वाचताना शेजारी स्प्रेडशीट उघडी ठेवा. ही प्रकरणं नुसती वाचून समजल्यासारखी वाटतात. खरी कळतात ती आकडे घातल्यावर.

### आकडे घालून: ८० टक्के कुठे गेले?

गुंतवणूकदार म्हणाला, ‘प्री-मनी ८०० लाख, आम्ही २०० लाख घालतो.’ तिने मनात हिशेब केला: एकूण १००० लाख, त्यांचे २० टक्के, आमचे ८०, म्हणजे प्रत्येकी ४०.

टर्म शीटच्या पुढच्याच ओळीत होतं की पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी १५ टक्क्यांचा ऑप्शन पूल, म्हणजे राखून ठेवलेले शेअर, असेल आणि तो प्री-मनीत धरला जाईल. याचा अर्थ पूलचं ओझं गुंतवणूकदारावर पडत नाही, ते सगळं जुन्या शेअरधारकांवर पडतं. १०० मधून २० आणि १५ गेले, उरले ६५. कंपनीचं मोल १००० लाख धरलं तर त्यांच्या आत्ताच्या शेअरची किंमत ६५० लाख झाली. तोंडी ८०० म्हटलेलं कागदावर ६५० निघालं.

आता त्याआधीची गोष्ट. सहा महिन्यांपूर्वी तिने एका ओळखीच्या गुंतवणूकदाराकडून सेफवर ५० लाख घेतले होते, ५०० लाखांच्या पोस्ट-मनी कॅपवर. सेफ म्हणजे आज पैसे घ्यायचे आणि शेअर गुंतवणुकीच्या पुढच्या राउंडला द्यायचे, असा करार. कॅप म्हणजे ते शेअर देताना कंपनीचं मोल जास्तीत जास्त किती धरायचं, ती मर्यादा. वाय कॉम्बिनेटर या नव्या स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करणाऱ्या अमेरिकी संस्थेने तो २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये पोस्ट-मनी रूपात बदलला. ५०० वर ५० म्हणजे नव्या राउंडच्या आधीच्या कंपनीचे १० टक्के. म्हणून वरच्या ६५ पैकी दहावा हिस्सा, ६.५ टक्के, त्याच्याकडे गेले.

तिने अशा दोन सेफ घेतल्या असत्या तर? पोस्ट-मनी सेफमध्ये दुसऱ्या सेफमुळे पहिल्याचा वाटा कमी होत नाही. दोन्हींचा भार फाउंडरवरच येतो.

| टक्के | सेफ नाही | एक सेफ | दोन सेफ |
|---|---|---|---|
| नवा गुंतवणूकदार | २० | २० | २० |
| ऑप्शन पूल | १५ | १५ | १५ |
| सेफवाले | ० | ६.५ | १३ |
| दोघे फाउंडर मिळून | ६५ | ५८.५ | ५२ |

मनात प्रत्येकी ४० होते. शेवटच्या रकान्यात ते २६ आहेत. फसवणूक कुणीच केलेली नाही, सगळं लिहिलेलं होतं. सेफ ‘साधी’ म्हणून एकेक करून सही होत गेली आणि बेरीज कुणी केली नाही. हा तक्ता सेफवर पहिली सही करण्याआधी करायचा असतो.

सावध: पूल किती टक्के हवा हे गुंतवणूकदाराच्या सवयीवर सोडू नका. पुढच्या दीड वर्षात कोण-कोण नोकरीला घ्यायचे आहेत आणि प्रत्येकाला किती द्यायचं, याची यादी करून न्या. यादीची बेरीज ९ येत असेल तर १५ कशाला, असं विचारायला तुमच्याकडे आधार असतो.

### दुसरं गणित: विकली गेली तर

लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे गुंतवणूकदाराने आपले पैसे आधी काढून घ्यायच्या हक्काचं, कलम इंजिनिअर वाचतात आणि ‘हे बुडाल्यावरचं आहे’ म्हणून पुढे जातात. ते कंपनी विकल्यावरही लागतं, आणि जास्त करून तिथेच लागतं.

सेफ बाजूला ठेवून फक्त २०० लाख घालणारा २० टक्क्यांचा गुंतवणूकदार घेऊ. कंपनी ५०० लाखांना विकली गेली. कलम ‘एक पट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ असेल तर त्याला दोहोंपैकी एक निवडायचं असतं: आपले २०० परत, किंवा ५०० चे २० टक्के म्हणजे १००. तो २०० घेईल, बाकीच्यांना ३०० उरतील. कलम ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर तो आधी २०० घेतो आणि उरलेल्या ३०० मध्ये पुन्हा २० टक्के, म्हणजे ६०. एकूण २६०.

एका शब्दाने ६० लाखांचा फरक पडला. कंपनी २००० लाखांना विकली गेली तर पहिल्या प्रकारात त्याला ४००, दुसऱ्यात ५६०. म्हणजे धंदा चांगला झाला तरी हा फरक जात नाही, उलट वाढतो. व्हॅल्युएशनसाठी, म्हणजे कंपनीचं मोल किती यासाठी, तासभर घासाघीस करून या शब्दावर न बोलता सही करणारे मी पाहिलेत.

तपासून पाहा: तुमच्या स्प्रेडशीटमध्ये विक्रीची रक्कम बदलली की प्रत्येकाच्या हातात काय पडतं ते आपोआप बदलतं का? गुंतवणुकीइतकी, तिच्या तिप्पट आणि दहापट, अशा तीन रकमा घालून पाहा. एकाही ठिकाणी उत्तर अनपेक्षित आलं तर ते कलम पुन्हा वाचा.

पुस्तक अमेरिकी कायद्यावर बेतलेलं आहे. कलमांमागचा हेतू सगळीकडे तोच असतो, पण ती कशी लिहायची आणि कर कसा लागतो हे देशागणिक बदलतं. त्यामुळे स्प्रेडशीट तुम्ही करा आणि मसुदा अशा वकिलाला दाखवा ज्याने याआधी गुंतवणुकीचे करार केलेत. घराच्या व्यवहाराचा वकील इथे चालत नाही. टर्म शीट बहुतांशी बंधनकारक नसते, पण ठरावीक दिवस दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही, हे कलम सहसा बंधनकारक असतं. सही करण्याआधी ते किती दिवसांचं आहे ते पाहा, कारण तेवढे दिवस तुमच्याकडे दुसरा पर्याय नसणार.

## सगळ्यात जास्त होणारी चूक: पुढचं पुस्तक आजच उघडणं

एकाचं सांगतो. त्याने चारही पुस्तकं तीन आठवड्यांत संपवली, नोंदी सुरेख होत्या. मी विचारलं, पहिल्या पुस्तकानंतर किती जणांना भेटलास? ‘एकदम वाचून मग एकदम भेटणार होतो,’ तो म्हणाला. मग भेटी सुरू झाल्या तेव्हा त्याच्या डोक्यात व्हॅल्युएशन होतं. समोरच्याने एक अडचण सांगितली की तो मनात तिला गिऱ्हाइकांच्या संख्येने गुणत होता, आणि त्यामुळे पुढचं वाक्य त्याला ऐकूच जात नव्हतं. त्याने भेटी पुन्हा पहिल्यापासून घेतल्या, त्याच माणसांकडे दुसऱ्यांदा जाऊन.

म्हणून पुस्तकं एकदम विकत घेतलीत तरी एकच टेबलावर ठेवा. पहिल्या दिवशीचं ते पान त्यात खूण म्हणून घाला. पानावरचा ‘वाटतं’ खोडून ‘पाहिलं’ लिहिलं गेलं की मगच दुसरं पुस्तक कपाटातून काढा.